नदी उलटी वाचताना

मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने आमच्या वसाहतीत मुलांसाठी शब्दकोड्यांची स्पर्धा ठेवली होती आणि तिच्या उत्तरपत्रिका तपासायला मीही बसलो होतो. एका प्रश्नात उलटे वाचले तरी तसेच राहणारे, किंवा उलटे वाचल्यावर दुसरा अर्थपूर्ण शब्द देणारे शब्द मागितले होते, आणि मुलांना कल्पना यावी म्हणून वर नमुना छापला होता : ‘चिमा काय कामाची’. एका मुलीने शिसपेन्सिलीने, अक्षरे खोडून पुन्हा गिरवत, मोठी सुरेख यादी केली होती. नयन, कडक, जहाज, मलम. मग जोड्या, काम–मका, साप–पसा, राग–गरा. आणि शेवटी नदी–दिन. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी त्या शेवटच्या जोडीवर लाल रेघ ओढली. “अहो, वेलांटी पाहा ना. नदीतली दुसरी आहे, दिनातली पहिली,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच होते. मात्र त्याच कागदावर, त्या लाल रेघेच्या वर, छापील ‘चिमा’ची चि पहिल्या वेलांटीची होती आणि ‘कामाची’तली ची दुसऱ्या वेलांटीची. नमुन्याला जी सूट मिळाली ती उत्तराला मिळाली नाही, आणि ही विसंगती मला पुढे बरेच दिवस सलत राहिली.

मुळात उलटे वाचायचे म्हणजे काय उलटे करायचे, हे मराठीत कोणी शिकवत नाही आणि तरी प्रत्येकाला येते. आपण वर्ण उलटत नाही. कनक हा शब्द वर्णांत फोडला तर क्, अ, न्, अ, क्, अ असा होतो आणि मागून वाचला तर त्याची सुरुवात अकाराने होते. तो कनक राहत नाही. आपण उलटतो ते अक्षर, म्हणजे व्यंजन आणि त्याच्या अंगावरचा काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार असे सगळे बिऱ्हाड. लहानपणी आम्ही चची भाषा बोलायचो. शब्दातले पहिले अक्षर काढून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी च ठेवायचा, म्हणजे ‘कुठे’चे ‘चठेकु’ होते. ज्या मुलाला अजून नीट लिहिताही येत नाही तेसुद्धा या खेळात क एकटा उचलत नाही, उकारासकट उचलते. संगणकाला मात्र हे शिकवावे लागते, कारण त्याच्या लेखी वेलांटी हे वेगळे चिन्ह असते. साध्या उलट्या क्रमाने मांडायला सांगितले तर तो ‘नवीन’चे ‘नीवन’ करतो, वेलांटी व वरून उतरून अलीकडच्या न वर जाऊन बसते, आणि डोळ्यांना सहज दिसणारा चांगला विलोम, म्हणजे उलटा वाचला तरी तसाच राहणारा, शब्द हातचा जातो.

अक्षर हे एकक एकदा मनात पक्के बसले की तीन घरांच्या कोड्यात शब्द ओळखणे सोपे जाते, पण त्यासाठी शब्द उलटा वाचत बसू नये. मधले अक्षर काहीही असले तरी चालते. पाहायची ती फक्त दोन टोके, आणि ती मात्रेसकट पाहायची. ‘नवा’ या अर्थाचा शब्द हवा असेल तर नूतन आणि नवीन दोन्ही आधी सुचतात. नूतनच्या एका टोकाला नू आहे आणि दुसऱ्या टोकाला न, म्हणून तो बाद होतो. नवीनची वेलांटी मधल्या घरात आहे, म्हणून तो बसतो. याच न्यायाने समास, जहाज, रबर, कथक बसतात आणि वैभव, नंदन बसत नाहीत. ‘मध्यम’ पाहून अनेक जण थबकतात, कारण ध्य उलटा कसा करायचा असा प्रश्न त्यांना पडतो, पण जोडाक्षर एका घरात मावते तेव्हा ते एकच अक्षर असते आणि ते जसेच्या तसे मध्ये उभे राहते. संस्कृत कवी भारवीने किरातार्जुनीय या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात सर्वतोभद्र, म्हणजे सर्व बाजूंनी सारखा वाचता येणारा श्लोक, रचताना हेच केले होते. त्यातला ‘वाहिकास्वस्वकाहि वा’ हा चरण दोन्ही बाजूंनी सारखा वाचता येतो तो स्व अखंड धरला म्हणूनच. स् आणि व् वेगळे केले तर सगळा चरण विस्कटतो.

चार घरांकडे वळले की मराठी एकदम वेगळी वागते. मधोमध आरसा धरावा तसे दोन्ही अर्धे जुळणारे चार अक्षरी शब्द सुचता सुचत नाहीत, पण आपल्याकडे एकाच जोडीची पुनरुक्ती करणाऱ्या शब्दांची फार मोठी श्रीमंती आहे, आणि घाईत लोक त्यांनाच विलोम समजतात. कटकट हा शब्द उलटा वाचला तर कटकट राहत नाही, टकटक होतो. पटपट उलटे केले की टपटप होते, कचकच उलटी केली की चकचक, रसरस उलटी केली की सरसर. म्हणजे हे शब्द पहिल्या यादीतले नव्हेत, दुसऱ्या यादीतले. स्वतःशी जुळणारे नव्हेत, पण दुसऱ्या शब्दात उलटणारे. मला ही जात फार प्रिय आहे. पागोळ्यांतून टपटप पडणारे पाणी आणि ते पाहून अंगणातले कपडे पटपट काढणारी माणसे एकाच अक्षरजोडीच्या दोन दिशा आहेत, हे लक्षात आल्यावर पावसाळ्यात ते शब्द माझ्या कानांत आपोआप उलटत राहतात. माझ्या एकट्याच्या हातात असते तर अशी एकेक जोडी शोधणाऱ्या मुलाला मी जास्त गुण दिले असते, कारण नयन आणि कडक पाठ असतात, पण पटपट–टपटप स्वतःला ऐकावे लागते.

आता वेलांटीकडे येतो, कारण सल तिथला होता.

काना असलेले शब्द उलटताना काही अडचण येत नाही. काम–मका, कान–नका, लता–ताल, राज–जरा, रवा–वार यांत काना आपल्या अक्षराबरोबर पुढून मागे किंवा मागून पुढे जातो आणि कुठेही गेला तरी काना तो कानाच असतो. मात्रेचेही तसेच, देव उलटला की कवितेतला ‘वदे’ मिळतो. वेलांटी आणि उकार मात्र आपल्या लेखनात जागा बदलली की लांबी बदलतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी जी घडी बसवली तिच्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो, अकारान्त अक्षराच्या आधीचा मराठी शब्दात दीर्घ असतो, आणि शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा ऱ्हस्व होतो. शाळेत हे नियम आपण सुटे सुटे पाठ करतो. ते एकमेकांसमोर उभे करून पाहिले तर त्यांतून उलट्या शब्दांसाठी एक नेमकी चाळण तयार होते, आणि तिच्यावर मी कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा मला जे दिसले त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

दोन अक्षरांचा शब्द घ्या, ज्याच्या पहिल्या अक्षराला वेलांटी आहे आणि दुसरे अक्षर मोकळे आहे. वीर घ्या. मोकळ्या अक्षराच्या आधीची वी दीर्घ. तो उलटला की वी शेवटी जाते, आणि शेवटची वेलांटीही दीर्घच, म्हणून रवी तंतोतंत मिळतो. पीक उलटले की कपी मिळतो, तीर उलटला की रती मिळते. वीर आणि तीर हे संस्कृत शब्द मुळातच दीर्घ आहेत, पण पीकसारख्या मराठी शब्दात वेलांटी दोन्ही जागी दीर्घ राहणार याची हमी दोन वेगळे नियम देत आहेत. आता दुसऱ्या अक्षराला काना द्या. दिवा घ्या. वा दीर्घ असल्यामुळे दि ऱ्हस्व, आणि उलटल्यावर मिळणाऱ्या ‘वादी’त ती शेवटी आल्यामुळे दीर्घ, जोडी मोडली. शिवा उलटले की वाशी हवी, पण शि आणि शी जुळत नाहीत; हीसुद्धा मोडली. म्हणजे शब्द उलटून पाहण्याआधीच सांगता येते की वेलांटीचा सोबती मोकळा असेल तर जोडी टिकण्याची आशा आहे आणि सोबत्याला काना असेल तर जवळजवळ नाही. ‘चिमा’ नमुना म्हणून लंगडा का आहे, हेही इथेच उलगडते : मा दीर्घ आहे म्हणून चि ऱ्हस्व आहे, आणि ‘कामाची’तली ची शेवटी आहे म्हणून दीर्घ आहे. ज्याने ते वाक्य रचले त्याच्या हातात दुसरा पर्यायच नव्हता. ‘शिवाजी लढेल जीवाशी’ आणि ‘भाऊ तळ्यात उभा’ ही वाक्ये नेमक्या याच ठिकाणी उसवतात, आणि म्हणून दुसरे वाक्य छापताना पुष्कळ जण उभाचा ‘ऊभा’ करून टाकतात.

मग त्या मुलीची नदी का अडली? नदी हा शब्द चाळणीतून पडायलाच हवा होता, कारण त्यात वेलांटीचा सोबती न मोकळा आहे. आणि तो पडतोही, फक्त उलट बाजूला ‘दीन’ येतो, दिन नव्हे. दिन हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे, आणि अशा शब्दांत मोकळ्या अक्षराच्या आधीची वेलांटी मुळाप्रमाणे ऱ्हस्व ठेवण्याची मुभा आपल्या नियमांनी दिली आहे. दिन, विष, गुण हे त्या मुभेवर जगतात. दीन हाही संस्कृतच, पण तो मुळातच दीर्घ. त्या मुलीने वेलांटी फक्त दुसऱ्या बाजूने काढली असती तर तिची जोडी निर्दोष ठरली असती, आणि ही गोष्ट तिला कोणी सांगितली नाही याची मला त्या लाल रेघेपेक्षा जास्त रुखरुख वाटली. खोडलेल्या उत्तराशेजारी ‘दीन’ असे दोन अक्षरांत लिहायला फार जागा लागत नव्हती.

याच विचारात असताना मला आजोबांच्या वह्या आठवल्या. निळ्या-काळ्या शाईतले त्यांचे अक्षर, पिवळी पडलेली पाने, आणि पानोपानी ‘कवि’, ‘रवि’, ‘बुद्धि’, ‘मति’ असे पहिल्या वेलांटीचे शब्द. लहानपणी मला ते चुकीचे वाटायचे, कारण शाळेत मी कवी, रवी असे लिहीत होतो. त्यांच्या काळी तत्सम शब्दांच्या शेवटचा ऱ्हस्व इकार ऱ्हस्वच लिहीत. शेवटी सरसकट दीर्घ लिहिण्याची पद्धत नंतर रूढ झाली. आता या माहितीनिशी ते सर्वांना ठाऊक असलेले वाक्य पुन्हा पाहा : ‘तो कवी डालडा विकतो’. आजच्या लेखनात ते उसवते, कारण कवीतली वी दुसऱ्या वेलांटीची आणि विकतोतली वि पहिल्या वेलांटीची. पण आजोबांच्या लेखणीने लिहिले की ‘तो कवि डालडा विकतो’ होते, आणि तो, क, वि, डा, ल, डा, वि, क, तो ही नऊच्या नऊ अक्षरे दोन्ही बाजूंनी चोख बसतात. वाक्यात काहीच दोष नाही. फक्त वाक्य जिथल्या तिथे राहिले आणि लेखनाचा नियम त्याच्या अंगावरून पुढे गेला.

हे कळल्यावर पहिल्यांदा मला नव्या नियमाचा थोडा रागच आला. मग त्याच चाळणीत जुने लेखन घालून पाहिले. आजोबांच्या वहीत रवि ऱ्हस्व होता, कपि ऱ्हस्व होता, रति ऱ्हस्व होती. म्हणजे त्यांच्यासाठी वीर–रवि जुळत नव्हते, पीक–कपि जुळत नव्हते, तीर–रति जुळत नव्हते. ज्या नियमाने आपल्याकडून एक लाडके वाक्य घेतले त्यानेच जोड्यांची एक रांग हातात ठेवली. आणि त्या रांगेत खुद्द कवीही आहे. विकणे या क्रियापदाचे एकेरी आज्ञार्थी रूप शुद्ध लिहायचे तर ‘वीक’ असे दीर्घ लिहितात, जसे शिकणेचे ‘शीक’. म्हणून आजच्या लेखनात कवी उलटला की वीक मिळते, आणि वाक्य दुरुस्त करायचे तर वर्णन सोडून आज्ञा करावी लागते : ‘वीक डालडा, कवी’. वी, क, डा, ल, डा, क, वी. ‘तो’ दोन्ही टोकांचा गेला, वाक्यातली गोष्ट सांगण्याची लकब गेली, पण वेलांट्या जुळल्या. मला विचाराल तर मूळ वाक्य अधिक देखणे आहे आणि नवे अधिक शुद्ध, आणि दोन्ही जवळ बाळगावीत असे मला वाटते.

सूट द्यायची की नाही, हा प्रश्न काही आपल्या पिढीचा नव्हे. सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या पार्थपुरात, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या आजच्या पाथरीत, सूर्यकवी नावाचा ज्योतिषी राहत होता. त्याने भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथावर टीका लिहिली आणि रामकृष्णविलोमकाव्यही लिहिले, ज्यात श्लोकाचा पहिला अर्धा भाग रामाचा असतो आणि तोच उलटा वाचला की दुसरा अर्धा भाग कृष्णाचा होतो. त्याच्या पहिल्या श्लोकाचा दुसरा चरण ‘वंदे यतो भव्यभवं दयाश्रीः’ असा आहे आणि तो उलटून तिसरा चरण होतो ‘श्रीयादवं भव्यभतोयदेवं’. इथे बोट ठेवून वाचावे. ‘वंदे’ हा अनुस्वाराने लिहिला तर अनुस्वार वं बरोबर राहतो आणि उलटल्यावर ‘देवं’ मिळतो. तेच ‘वन्दे’ असे जोडून लिहिले तर उलट्या बाजूला न्दे येतो आणि सगळा डाव फसतो. म्हणजे लेखनाच्या दोन मान्य पद्धतींपैकी जी सोयीची ती कवीने धरली आहे. आणि दयाश्रीः मधला विसर्ग उलटताना त्याने सरळ सोडून दिला आहे. एवढा काटेकोर गणिती विसर्गाला सूट देतो. पण त्याच श्लोकातल्या भू, सु, ता, मु, क्ति यांचा एकही उकार, एकही वेलांटी तो हलू देत नाही. कुठे सैल व्हायचे आणि कुठे नाही हे त्याने स्वतःशी ठरवले होते आणि ते पाळले. स्पर्धेच्या कागदावर मला हेच हवे होते. वेलांटीचा फरक धरणार असाल तर नमुना तसा द्या, ‘हाच तो चहा’ द्या, ‘काका, वाचवा, काका’ द्या. धरणार नसाल तर नदीसोबत दिनालाही वाहू द्या.

वाक्ये रचण्याची रीत मात्र अशा वादांपासून दूर नेते, आणि ती कोणालाही करून पाहता येते. ‘रामाला’ हा विभक्तीचा शब्द घ्या आणि अक्षरे उलटी लिहा : लामारा. हा शब्द नाही, पण तो कुठे कापता येईल ते पाहा. ला वेगळा केला की ‘मारा’ हे आज्ञार्थी रूप सुटते. उरलेल्या एकट्या ला ला पुढून आधार हवा, म्हणून मधोमध एक अक्षर असे ठेवायचे की त्याचा आणि ला चा मिळून शब्द होईल. भा ठेवला की भाला होतो : ‘रामाला भाला मारा’. ते मधले अक्षर मोकळे असते. तिथे अर्थ जुळेल ते ठेवावे. ‘सर जाताना प्या ना ताजा रस’ हे वाक्यही याच कृतीतून निघते. सर उलटला की रस, जाताना उलटले की नाताजा. ते ना आणि ताजा असे कापले आणि मध्ये प्या ठेवला. विभक्तीचा ला, क्रियापदाचा तो असे आपले प्रत्यय एकेका अक्षराचे असल्यामुळे मराठी वाक्य असे कापून जोडायला फार सोयीचे पडते. वेलांटी आणायचीच असेल तर एकाक्षरी शब्दांचा आधार घ्यावा, कारण मी, ती, ही हे नेहमी दीर्घ असतात. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य इतके घट्ट बसते ते त्यामुळेच : सुरुवातीची ती एकाक्षरी म्हणून दीर्घ, होतीतली ती शेवटची म्हणून दीर्घ, आणि होडी–जाडीतल्या दोन्ही डी आपापल्या शब्दांच्या शेवटी. एकाही वेलांटीला शब्दाच्या आरंभी किंवा मध्ये यावेच लागत नाही.

शेवटी एक गोष्ट उरते, जी शोधताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ळ आणि ण यांनी आपल्याकडे शब्दाची सुरुवात होत नाही. त्यामुळे फळ, बाळ, जवळ, कण, प्राण हे शब्द उलट्या जोड्यांच्या यादीत कधीच येऊ शकत नाहीत, आणि कोड्यात शेवटचे अक्षर ळ दिसले की तो शब्द उलटून पाहण्याचे श्रमही घेऊ नयेत. मराठीचे इतके आपले, इतके ओळखीचे अक्षर या खेळाच्या बाहेर राहावे याचे मला वाईट वाटत होते. मग जुळणारी वाक्ये पुन्हा तपासली. ‘टेप आणा आपटे’ यात सात अक्षरे आहेत आणि बरोबर चौथे णा आहे. ‘भाऊ तळ्यात उभा’ यात ऊ आणि उ चा फरक सोडला तर तीही सातच, आणि चौथे ळ्या. टोकांना जागा नसलेली ही अक्षरे मधल्या घरात येऊन बसली आहेत, जिथे त्यांना कोणाशीही जुळावे लागत नाही. तेव्हापासून मी तीन घरांत मध्ये ळ असलेला, स्वतःशी जुळणारा शब्द शोधत होतो, आणि तो मला कोशात सापडला : कळक, म्हणजे बांबू. मधल्या घरात ण असलेला तितकाच रूढ शब्द अजून मिळालेला नाही. कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावा.